गुडघे दुखतात आणि घरकाम थांबत नाही: एका ताईंच्या वहीतून

प्रश्न: «वय ५१. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रे बघून झीज सुरू झाली आहे असं सांगितलं. कोणी म्हणतं आराम करा, कोणी म्हणतं व्यायाम करा. व्यायाम केला की दुखतं, आराम केला की कामं तुंबतात. घरचं सगळं मलाच बघावं लागतं. नक्की काय करू?»

ताई, तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत, म्हणूनच दोन्ही एकटे लागू पडत नाहीत. मी बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. घर सांभाळणाऱ्या बाईचा गुडघा दुखतो तेव्हा मला बहुतेक वेळा दोन गोष्टी जोडीने सापडतात. एक म्हणजे काम एका दिवशी डोंगराएवढं आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ नाहीच. दुसरी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची गेलेली ताकद. पहिलीवर उपाय न करता दुसरीवर व्यायाम सुरू केला, की तो व्यायाम आधीच दमलेल्या गुडघ्यावर आणखी एक काम होऊन बसतो. तुमचं तेच झालं असावं.

पुढे जाण्याआधी, मी सांगते ते कुणाला लागू नाही ते आधी सांगते. गुडघा अचानक सुजून लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल, पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर त्या पायावर उभंच राहता येत नसेल, गुडघा अडकून सरळच होत नसेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, किंवा झोपेतसुद्धा न थांबणारी वेदना असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. सकाळी उठल्यावर गुडघे किती वेळ आखडलेले राहतात, तेही बघा. झिजेच्या दुखण्यात हा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर राहत असेल आणि हाताची बोटंही आखडत असतील, तर सांध्यांच्या दाहाचा वेगळा आजार नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं.

एक्स-रेबद्दल एवढंच सांगते की झीज किती दिसते आणि दुखतं किती, यांचा मेळ अनेकदा बसत नाही. बरीच झीज असूनही आरामात चालणारी माणसं मी बघते, आणि थोड्याशा झिजेवर हैराण झालेलीही. झीज मला बदलता येत नाही. गुडघ्यावरचा भार कसा वाटला जातो आणि तो पेलणारा स्नायू किती ताकदीचा आहे, हे मात्र बदलता येतं. ते कसं, हे माझ्याकडे आलेल्या एका ताईंच्या गोष्टीतून सांगते, कारण त्यांचं गाऱ्हाणं जवळजवळ तुमचंच होतं.

त्यांचं वय ५३, घरात पाच माणसं, घर वरच्या मजल्यावर. पहिल्या भेटीत मी विचारलं, «किती दुखतं?» त्या म्हणाल्या, «रोजच दुखतं, सारखंच.» हे उत्तर मी पुष्कळदा ऐकते आणि ते क्वचितच खरं निघतं. मी त्यांना एक वही करायला सांगितली. दिवसातून तीनदा, शून्य ते दहामधला एक आकडा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. शेजारी त्या वेळेपर्यंत काय काम झालं, ते दोन शब्दांत.

आठवड्याने वही उघडली आणि «सारखंच» कुठेच नव्हतं. शनिवारी सकाळी आकडा ३ होता. त्या दिवशी बरं वाटतंय म्हणून त्यांनी अख्खं घर झाडून पुसून काढलं, चादरी धुतल्या, कपाटं आवरली. मध्ये बसल्याच नाहीत, कारण «बसलं की पुन्हा उठवत नाही.» रात्री आकडा ७. रविवार-सोमवार जेमतेम स्वयंपाक, बाकी पलंगावर पाय लांब करून. मंगळवारी तुंबलेली कामं समोर उभी, त्यामुळे पुन्हा धावपळ, रात्री पुन्हा ६. म्हणजे आठवड्यात दोनदा गुडघा चिडत होता आणि दोनदा त्या स्वतःला बंद करून घेत होत्या. चिडलेला गुडघा शांत व्हायच्या आत पुन्हा कामाला जुंपला जायचा. आरामाच्या दिवसांत मांडीला काहीच काम नसायचं, त्यामुळे ती हळूहळू आणखी कमजोर होत होती.

या चक्रातून बाहेर यायचा मार्ग म्हणजे काम मापात करणं. आमच्याकडे याला पेसिंग म्हणतात. नाव सोपं आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा घेतला जातो. दुखायला लागलं की थांबा, असा तो नाही. दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दुखण्याच्या आधी, घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं. आणि घड्याळात किती मिनिटं लावायची, ते अंदाजाने ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं.

आम्ही ते असं मोजलं. ताईंना सगळ्यात जास्त त्रास स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून व्हायचा. दुसऱ्या आठवड्यात रोज ओट्याशी उभ्या राहिल्यापासून दुखणं सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २ ने वाढेपर्यंत किती मिनिटं जातात, ते त्यांनी लिहिलं. सात दिवसांचे आकडे होते ३५, २०, ३०, १५, २५, ३०, २०. बेरीज १७५, सरासरी २५ मिनिटं. त्यातला पाचवा हिस्सा मी काढून टाकला आणि सुरुवातीचं माप ठरवलं २० मिनिटं. हा पाचवा हिस्सा काढण्यामागे कारण आहे. सरासरी म्हणजे जवळपास अर्ध्या दिवसांत दुखणं वाढेल असा आकडा. आपल्याला वाईट दिवशीही बहुधा पेलेल असा आकडा हवा असतो.

मग नियम एकच. वीस मिनिटं झाली आणि गजर वाजला की पाच मिनिटं बसायचं. हातातलं काम बसून होण्यासारखं असेल तर चालू ठेवायचं: निवडणं, चिरणं, घड्या घालणं. बसताना गुडघे घट्ट दुमडून नाही. टाच जमिनीवरून पुढे-मागे सरकवत गुडघा दहा वेळा सरळ करायचा आणि वाकवायचा, म्हणजे उठताना तो आखडत नाही. «बसलं की उठवत नाही» ही त्यांची तक्रार खरी होती, पण ती तासभर उभं राहून मग अर्धा तास एका जागी बसल्यामुळे होती. पाच मिनिटांत तेवढा आखडलेपणा येत नाही.

यातला सगळ्यात अवघड भाग वाईट दिवस नाही, चांगला दिवस आहे. गजर वाजतो तेव्हा काहीही दुखत नसतं, भांडी चार-सहाच उरलेली असतात आणि मनात येतं, एवढं संपवून टाकू. त्या ताईंना मी सांगितलं होतं की चांगल्या दिवशीही वीसच मिनिटं आणि वाईट दिवशीही शक्यतो वीसच. ज्या दिवशी आकडा ६ च्या वर असेल त्या दिवशी माप निम्मं करायचं, पण शून्य नाही.

दुसरं, कामांची वाटणी. शनिवारची स्वच्छता त्यांनी सहा दिवसांत पसरली, रोज एक खोली. लांब दांड्याचा पोछा आणला, म्हणजे उकिडवं बसून पुसणं बंद झालं. धुतलेल्या कपड्यांची बादली एकदा भरलेली न्यायच्या ऐवजी दोनदा अर्धी. ओट्यापाशी एक उंच स्टूल आलं. त्यावर पूर्ण बसायचं नाही, नुसतं टेकायचं. जिन्याच्या फेऱ्या मोजल्या तर दिवसाला नऊ निघाल्या. खाली न्यायच्या वस्तूंसाठी दाराशी एक टोपली ठेवली आणि फेऱ्या चारवर आल्या. जिन्याबद्दल मी मुद्दाम आग्रही असते. सपाटीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर साधारण वजनाच्या अडीचपट भार येतो, जिना चढताना तिपटीच्या आसपास आणि उतरताना त्याहून थोडा जास्त. म्हणून दुखऱ्या दिवशी कठडा धरून एकेक पायरी: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. भार पेलायचं काम दोन्ही वेळा बऱ्या पायाकडे जातं.

घरच्यांना काय सांगायचं, हाही प्रश्न होताच. «मी मधेमधे बसणार आहे, आळशीपणा करत नाहीये» हे त्यांना घरी बोलून दाखवावं लागलं, आणि वजनदार बादली उचलणं मुलाकडे गेलं. प्रत्येक घरात हे एवढं सहज होईल असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे मदत नसेल तर माप आणखी लहान ठेवावं लागेल आणि काही कामं आठवड्यात कमी वेळा होतील.

पहिल्या तीन आठवड्यांत त्यांच्या व्यायामाला मी जवळजवळ हात लावला नाही. मांडीचा फक्त एक व्यायाम दिला, झोपून करायचा. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबायची. पाच सेकंद दाबून ठेवायचं, श्वास न रोखता, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तो करताना वाटीच्या थोडं वर, आतल्या बाजूला हात ठेवा. तिथला स्नायू दगडासारखा घट्ट व्हायला हवा. त्यांच्या डाव्या पायाचा होत होता, उजव्याचा नुसता थरथरायचा. हे तुम्हीही करून बघा. सांध्यात थोडंसं जरी पाणी धरलेलं असेल, तरी शरीर त्या स्नायूला मिळणारा हुकूम दाबून टाकतं. तुम्ही जोर लावता, पण स्नायू पूर्ण उठत नाही. अशा वेळी उठाबशांसारखा जड व्यायाम केला तर जे काम स्नायूने करायचं ते सांध्यावर पडतं आणि दुखतं. म्हणून आधी सूज उतरू द्यायची, स्नायू जागा करायचा, मग भार वाढवायचा.

चौथ्या आठवड्यात खरा व्यायाम सुरू झाला: खुर्चीतून उठणं आणि बसणं. ऐकायला काहीच नाही असं वाटतं, पण गृहिणीच्या गुडघ्यासाठी मला याहून उपयोगी व्यायाम माहीत नाही, कारण दिवसभर तेच तर करायचं असतं. खुर्ची मजबूत, भिंतीला टेकवलेली. तिच्यावर दोन ब्लँकेटं घडी करून ठेवली, म्हणजे बैठक उंच झाली. बैठक जितकी उंच तितका गुडघा कमी वाकतो आणि वाटीमागचा दाब कमी होतो. पावलं खांद्याएवढी दूर, हात छातीशी किंवा सुरुवातीला मांडीवर. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं आणि मग उठायचं. बसताना धपकन नाही, मनात एक-दोन-तीन म्हणत हळूहळू. ताकद या खाली येण्यातच जास्त मिळते आणि घाईत सगळे तेच चुकवतात. समोर आरसा ठेवा. गुडघा आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकत असेल तर तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणा. आठ वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा आठ वेळा, एक दिवसाआड. मधला दिवस स्नायूच्या भरणीसाठी असतो. याच्या जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायाम दिला, कमरेच्या बाजूच्या स्नायूसाठी. बस, एवढंच.

आता तुमचा मुख्य अडसर: व्यायाम केला की दुखतं. थोडं दुखणं चालतं. व्यायाम करताना आकडा ४ ते ५ पर्यंत गेला तरी घाबरायचं कारण नाही, पण अट ही की दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुमच्या नेहमीच्या आकड्यावर परत आलेला असावा. सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखतंय किंवा गुडघा फुगलेला वाटतोय, तर कालचा डोस मोठा होता. व्यायाम चुकीचा होता असं नाही. पुढच्या वेळी बैठक आणखी उंच करा किंवा आठाऐवजी पाच वेळा करा.

सूज आहे की नाही हे बघायची एक घरगुती पद्धत त्या ताई रोज सकाळी वापरायच्या. पाय सरळ ठेवून पलंगावर बसा, मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूला एक खळगा दिसतो. हाताने त्या खळग्यावरून वर मांडीकडे दोन-तीनदा निपटून घ्या. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा निपटा. आतला खळगा फुग्यासारखा हलकेच भरून येताना दिसला, तर सांध्यात पाणी आहे. दोन्ही गुडघे ताडून बघा. अंगावर चरबी जास्त असेल तर हे नीट दिसत नाही, तेव्हा यावर पूर्ण विसंबू नका.

पाचव्या आठवड्यात त्यांचं माप सुटलं. उभं राहायचं माप थोडं थोडं वाढवत २० वरून २६ वर आलं होतं, जिना सोपा वाटायला लागला होता, सकाळचे आकडे १-२ होते. एका दुपारी त्यांनी माळा काढला. स्टुलावर चढ-उतर, डबे खाली घ्यायचे, पुसायचे, वर ठेवायचे, अडीच तास. त्याआधी एक वेदनाशामक गोळी घेतली होती, «मध्येच दुखायला नको म्हणून.» दुसऱ्या दिवशी उजव्या गुडघ्यातला खळगा नाहीसा झाला होता आणि आकडा ७. फोनवर त्या म्हणाल्या, «सगळं वाया गेलं.»

वाया काहीच गेलं नव्हतं, पण दोन गोष्टी मला तेव्हा सांगाव्या लागल्या आणि तुम्हालाही सांगते. गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर जरूर घ्या, पण जास्त काम उरकता यावं म्हणून नको. दुखणं ही तुमच्या मापाची घंटी आहे आणि त्या दिवशी त्यांनी तीच बंद केली होती. दुसरं, भडका उडाला की पूर्ण पलंग धरायचा नाही. तीन दिवस आम्ही माप निम्मं केलं, १३ मिनिटं. खुर्चीचा व्यायाम थांबवला, पण टॉवेल दाबणं चालू ठेवलं. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी खळगा परत दिसायला लागला. सहाव्या आठवड्यात २४ मिनिटांवरून पुन्हा सुरुवात केली, खुर्चीवर एक ब्लँकेट परत वाढवून. माळ्याचं उरलेलं काम पुढे चार दिवसांत, रोज वीस मिनिटं आणि स्टुलाखाली मुलगा उभा, असं झालं.

बाराव्या आठवड्याचे त्यांचे आकडे असे होते. ओट्याशी सलग ३६ मिनिटं. खुर्चीवरची दोन्ही ब्लँकेटं गेली होती आणि दहा-दहाच्या दोन फेऱ्या होत होत्या. हात न टेकवता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, हे मी चौथ्या आठवड्यात, खुर्चीचा व्यायाम सुरू करताना मोजलं होतं तेव्हा ६ भरले होते, आता ११. रात्रीचा सगळ्यात वाईट आकडा ४. पहिले सहा आठवडे मात्र ताकदीत फारसा फरक जाणवला नव्हता. स्नायू भरायला तेवढा वेळ लागतोच, आणि बहुतेक जणी नेमका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात व्यायाम सोडतात. जमिनीवर मांडी घालून बसणं त्यांना आजही जमत नाही. मी तो हट्टही धरला नाही. खोल वाकलेल्या गुडघ्यात वाटीमागचा दाब फार वाढतो आणि त्यांच्या कामांना त्याची गरज उरली नव्हती. व्यायाम आठवड्यातून तीनदा चालू आहे. दोन महिने सोडला तर ताकद पुन्हा उतरते, हे त्यांनी एकदा अनुभवून झालं.

तुमचं माप २० असेल असं नाही. १० असेल किंवा ४० असेल. वजन, दुसरे आजार, झोप, घरातले जिने, मदतीचा हात, सगळ्यावर ते ठरतं. मधुमेह, हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर व्यायाम वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि शक्य असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टला समोर उभं राहून दाखवा, कारण गुडघा आत झुकतोय की नाही हे लिहून कळत नाही.

या आठवड्यात नवा व्यायाम काही सुरू करू नका. एक वही घ्या. सकाळ, दुपार, रात्र तीन आकडे आणि शेजारी काम. सगळ्यात जास्त दुखवणारं एक काम निवडा आणि पुढच्या आठवड्यात त्याची मिनिटं रोज मोजा. सोबत एवढं टिपून ठेवा, की जास्त कशाने दुखतं, सलग उभं राहून की जिना उतरताना आणि खुर्चीतून उठताना. उतरताना-उठताना वाटीच्या मागे दुखत असेल, तर खुर्चीची बैठक दोन ब्लँकेटांपेक्षाही उंच ठेवून सुरू करावं लागेल.